जाऊ, नणंद आणि एकच ‘सिस्टर-इन-लॉ’

जळगावकडच्या एका एकत्र कुटुंबाची आठवण समजा: “नणंद माहेरी आली की जाऊ भाकरी थापायची आणि मी भरीत घोटायची.” हे इंग्रजीत नेण्याचे दोन मार्ग.

पहिला, इंग्रजी नातं वापरणं. वाचक अडखळत नाही, पण दोघीही ‘सिस्टर-इन-लॉ’ होतात. वहिनी आणि मेहुणीही त्याच डब्यात. मग माहेरपणाला आलेली कोण आणि चुलीशी राबणारी कोण, हे कळत नाही. वाक्यातला सगळा ताण तिथेच होता. ‘नवऱ्याची बहीण’ असं फोडून लिहिलं तर अर्थ राहतो, पण दहाव्यांदा ते कोर्टाच्या कागदासारखं वाटतं.

दुसरा, मराठी शब्दच ठेवणं. पहिल्यांदा वाक्यातच उलगडा करावा: “माझी जाऊ, धाकट्या दिराची बायको”. तळटीप नको, वाचक तिकडे जातच नाही. मात्र मोठ्या दिराला खानदेशात जेठ म्हणतात. ‘दीर’ लिहून ते सपाट करू नये. आणि ‘मामा’ तसाच ठेवला, तर इंग्रजी वाचक त्याला आई समजतो!

म्हणून जाऊ, नणंद, जेठ ठेवावेत. मामाला ‘आईचा भाऊ’ असं इंग्रजीत सांगून पुढे नावाने हाक मारावी.