डाँकी कार, काही महिन्यांनंतर: गाडी शिकते, पण सर्वोचा वाकडेपणाही शिकते

डाँकी कार म्हणजे कॅमेऱ्यातून रस्ता बघून स्वतः चालायला शिकणारी छोटी गाडी. तिची चाकं डावी-उजवी वळवणारी छोटी मोटार म्हणजे सर्वो. त्या सर्वोचे दाते गेले आणि विक्रेत्याला फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "सर, सर्वो वॉरंटीत येत नाही, तो झिजणारा पार्ट आहे." मी म्हटलं, टायरसुद्धा झिजतात हो, पण उन्हाळा संपायच्या आत नाही झिजत. किटला पाच आकडी पैसे मोजून घ्यायचे आणि त्यात आत प्लास्टिकचे गिअर असलेला सर्वो घालायचा, हा हिशोब मला अजून पटलेला नाही. माझं लातूरला मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. ग्राहकाला जळकी मोटार देऊन "हा झिजणारा पार्ट" असं मी सांगितलं तर तो दुकानातून हलणार नाही.

असो. गाडीतला रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर किती जीबीचा, कॅमेरा कुठला, हे सगळं किटच्या पानावर आहे, ते पुन्हा लिहीत नाही. गाडी भाच्याच्या पॉलिटेक्निकच्या प्रोजेक्टसाठी घेतली आणि दुकानावरच्या हॉलमध्ये शहाबादी फरशीवर पांढऱ्या टेपचा ट्रॅक मारला. भाचा जॉयस्टिकने फेऱ्या मारतो. गाडी सेकंदाला वीसदा समोरचा फोटो घेते आणि त्या क्षणी त्याने स्टिअरिंग किती वळवलं, वेग किती दिला, हे शेजारी लिहून ठेवते. मग लॅपटॉपवर या नोंदींवरून ट्रेनिंग, त्यातून निघालेलं मॉडेल परत गाडीत, आणि गाडी एकटी फेऱ्या मारते.

पहिल्या टप्प्यात मी या वस्तूवर बेहद्द खूश होतो. सुरुवातीला गाडी वळणावर बाहेर जायची. त्याचं कारण कळलं आणि उपायही कळला. भाच्याने कायम ट्रॅकच्या मधोमधच चालवली होती, त्यामुळे कडेला गेल्यावर काय करायचं याचा एकही फोटो गाडीकडे नव्हता. ही अडचण जुनी आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठात डीन पॉमरलो यांनी १९८९ साली ALVINN नावाचं न्यूरल नेटवर्क रस्त्यावरच्या गाडीला जोडलं, तेव्हाही हेच आडवं आलं होतं. पुढे त्यांनी फोटो बाजूला सरकवून "गाडी भरकटली आहे" अशी दृश्यं तयार केली आणि त्यांना परत यायचं स्टिअरिंग जोडलं. आम्ही सोपा मार्ग घेतला. गाडी हाताने उचलायची, टेपच्या कडेला तिरकी ठेवायची आणि तिथून मध्ये येतानाचंच रेकॉर्ड करायचं. वेग शून्य असला की ती लिहीत नाही, म्हणून हातात उचलून नेलेली गाडी रेकॉर्डमध्ये घाण करत नाही. मात्र जॉयस्टिकने मुद्दाम कडेला नेली तर तेही शिकते. मग ती आपणहून टेपवर जाते आणि तिथून ऐटीत परत येते. तर अशी थोडी भर घातली आणि फेऱ्या सुरळीत झाल्या. त्या वेळी हा अनुभव लिहिला असता तर पाच तारे दिले असते.

मग सर्वो गेला. विक्रेत्याशी भांडून दमलो आणि स्वतःच्या पैशाने धातूचे गिअर असलेला दुसरा आणून बसवला. मॉडेल तेच, ट्रॅक तोच, उजेडही तोच. आणि गाडी पहिल्याच वळणावर बाहेरच्या टेपवरून सरळ खुर्च्यांखाली.

"मामा, ही कामून उजवीकडंच जातीय?" भाचा म्हणाला.

आमचा ट्रॅक डावीकडे वळणारा. त्यामुळे उजवीकडे ओढणं म्हणजे प्रत्येक वळणावर कमी वळणं. मला आधी वाटलं, नवा सर्वो संथ आहे, परत करावा. बिलही शोधून ठेवलं. पण सर्वो संथ असता तर गाडी सरळ पट्ट्यावर नीट चालली असती आणि फक्त वळणावर उशीर केला असता. ही तर सरळ पट्ट्यावरही उजव्या टेपकडे घसरत होती, टेप जवळ दिसली की दचकून आत येत होती आणि पुन्हा घसरत होती. शेवटी मॉडेल बंद केलं, गाडी हाताने चालवायच्या मोडमध्ये टाकली, जॉयस्टिकला हात न लावता फरशीच्या सांध्यावर ठेवली आणि हलकासा धक्का दिला. एरवी हे सांधे टेपसारखे दिसतात म्हणून मी वैतागायचो, पण इथे ते पट्टीसारखे कामाला आले. गाडी तीन फरश्या सांधा धरून सरळ गेली. म्हणजे नवा सर्वो बरोबर होता. वाकडा जुना होता.

खातरी कुठे झाली? जुन्या रेकॉर्डमध्ये. सरळ पट्ट्यावरच्या कुठल्याही फोटोची नोंद उघडली की असं काहीतरी दिसायचं:

```
"user/angle": 0.11, "user/throttle": 0.29
```

इथे -१ म्हणजे पूर्ण डावं, +१ म्हणजे पूर्ण उजवं. सरळ रस्त्यावर आकडा शून्याच्या आसपास हवा. `donkey tubhist` ने कुठला आकडा किती वेळा आला याचा आलेख काढला तर सगळ्यात उंच खांब शून्यावर नव्हताच, ०.१ च्या जवळ होता. जुनी गाडी मुळात डावीकडे ओढत होती आणि सरळ पट्ट्यावरही भाच्याचा अंगठा किंचित उजवीकडे दाबलेलाच असायचा. त्याच्या ते ध्यानात येत नव्हतं, कारण हात आपोआप सावरून घेतो. मॉडेलने मात्र "सरळ रस्ता दिसला की ०.१ उजवीकडे" हे इमानाने पाठ केलं. वाकड्या गाडीवर ते बरोबर होतं, सरळ गाडीवर चूक. वळणाचंही तसंच. जिथे मॉडेल -०.५ सांगायचं, तिथे जुनी गाडी खरं तर -०.६ इतकी वळायची.

ट्रेनिंगच्या वेळी यातलं काही कळत नाही. लॉस, म्हणजे मॉडेल किती चुकतं तो आकडा, झकास उतरला होता, आणि उतरणारच. कारण ज्या फोटोंवर मॉडेलची परीक्षा घेतली तेही त्याच वाकड्या गाडीचे. त्या आकड्यावर भरवसा ठेवून बसू नका.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते सांगतो. आमच्या गाडीत सर्वो ज्या बोर्डाला जोडलाय, त्याच्यासाठी या सॉफ्टवेअरमध्ये स्टिअरिंगला मधला आकडा वेगळा देताच येत नाही! जुन्या सर्वोला किती वळायचं हे सांगणाऱ्या सिग्नलचे आकडे आमच्या गाडीत हे होते:

```
STEERING_LEFT_PWM = 460
STEERING_RIGHT_PWM = 290
```

डावं टोक आणि उजवं टोक, बस. शून्य म्हणजे दोन्हींच्या बरोब्बर मध्ये, इथे ३७५. चाकं खरी सरळ व्हायची ३६६ च्या आसपास, पण ते सांगायला जागा नाही. वेगाला मात्र तीन आकडे आहेत: पुढे, मागे आणि थांबलेली. थांबलेल्या गाडीसाठी वेगळी ओळ, आणि सरळ जाणाऱ्या गाडीसाठी नाही. हे कुणाच्या डोक्यातून निघालं असेल? मी या एका गोष्टीवर भाच्याचं इतकं डोकं खाल्लं की तो आता विषय बदलतो. कॅलिब्रेशन करताना सगळे दोन्ही टोकं बघतात. चाक पूर्ण वळतंय ना, घासत नाही ना, झालं. मध्य सरळ आहे का हे वेगळं बघावं लागतं. आणि नसला तर दोन्ही आकडे एकाच दिशेने, सारखेच सरकवायचे. आमच्या जुन्या गाडीत ते ४५१ आणि २८१ हवे होते.

आता नव्या सर्वोवर जुनं मॉडेल कसं चालवायचं? रेकॉर्डच्या फायली उघडून प्रत्येक आकड्यातून ०.१ वजा करायचा विचार भाच्याने केला होता, मी थांबवलं. प्रत्येक ओळीची लांबी शेजारच्या `.catalog_manifest` फाइलमध्ये लिहिलेली असते. हाताने ओळ लहानमोठी केली की वाचणारा प्रोग्राम भलत्याच जागी पोचतो. त्यापेक्षा गाडीच मुद्दाम वाकडी केली. नव्या सर्वोचे आकडे ४४० आणि ३००, मध्य ३७०, दोन्हीकडे ७० चा पल्ला. ०.१ म्हणजे ७. दोन्ही टोकं ७ ने डावीकडे नेली, ४४७ आणि ३०७. आता मध्य ३७७ झाला, म्हणजे शून्यावर गाडी थोडी डावीकडे जाणार. पण मॉडेल सरळ रस्त्यावर ०.१ देतं, तेव्हा आकडा परत ३७० वर येतो, म्हणजे अगदी सरळ. फाइल सेव्ह केली, गाडी सोडली आणि ती खुर्च्यांकडे न बघता पहिल्यासारखी फेऱ्या मारू लागली. नव्याने ट्रेनिंग काहीच नाही.

हे फक्त जुन्या मॉडेलपुरतं. नंतर ४४०-३०० वर परत येऊन सगळं नव्याने रेकॉर्ड केलं, कारण मुद्दाम वाकड्या केलेल्या गाडीवर आणखी डेटा जमवणं म्हणजे तेच दुखणं पुढे नेणं. नव्या रेकॉर्डचा आलेख बघितला. उंच खांब शून्यावर, डाव्या वळणांमुळे डावीकडे एक उतार, उजवीकडे जवळजवळ काही नाही. हा एकतर्फीपणा नको म्हणून भाच्याने फोटो आरशासारखे उलटे करून, आकड्याचं चिन्ह बदलून डेटा दुप्पट केला. ही युक्ती चांगली, पण गाडी सरळ असेल तरच. जुन्या डेटावर ती केली असती तर सरळ पट्ट्याच्या निम्म्या फोटोंना +०.१ आणि निम्म्यांना -०.१ लागला असता, मॉडेल सरासरी काढून शून्य शिकलं असतं आणि जुनी गाडी डावीकडच्या टेपवर गेली असती. तेव्हा आम्ही दोष कॅमेऱ्याला दिला असता.

विक्रेत्याबद्दलचं मत मी थोडं बदललंय. सर्वो झिजतो हे खरं. पण माझा राग आता वेगळ्या गोष्टीवर आहे. किट "कॅलिब्रेट करून" पाठवतो असं बिलावर छापलंय, आणि आलेली गाडी पहिल्या दिवसापासून डावीकडे ओढत होती. सर्वोचा हात एका दात्याने इकडेतिकडे बसवला की मध्य बराच हलतो, आणि तो सॉफ्टवेअरमधून सावरायला लागतो. तेवढं तपासायला एक फरशी आणि पाच मिनिटं पुरतात.

आता घ्यायची का? घ्या, पण सर्वोसाठी वेगळे पैसे बाजूला ठेवा आणि धातूच्या गिअरचाच मागवा. जुना काढायच्या आधी त्याचे दोन्ही आकडे चेसिसवर चिकटपट्टीवर लिहून ठेवा. फोनवरून चालवायच्या भानगडीत पडू नका, जॉयस्टिकच घ्या. फोनच्या स्क्रीनवर बोट कधी शून्यावर, कधी एकदम टोकाला जातं, आणि तशा रेकॉर्डमध्ये ०.१ चा वाकडेपणा कुणालाच सापडणार नाही. मे महिन्यात पत्र्याखाली चालवणार असाल तर रास्पबेरी पायवर पंखा लावा, ८० अंशाला तो स्वतःच संथ होतो. तारे तीन. चौथा द्यायचा होता, पण स्टिअरिंगच्या मधल्या आकड्याची ती एक ओळ आमच्या बोर्डासाठी अजून आलेली नाही.