खपली पडली, मूळ तसंच राहिलं

"तीळ, मस, चामखीळ सात दिवसांत मुळासकट! न कापता, न दुखता." मोबाइलवर अशी जाहिरात आली आणि कोथरूडमध्ये पोळ्यांची कामं करणाऱ्या एका बाईंनी ७९९ रुपयांची दहा ग्रॅमची डबी मागवली. वय बावन्न. डाग डाव्या टाचेवर होता, आतल्या बाजूला. त्यांचं नाव इथे देत नाही, पण घडलं ते तपशिलानं सांगतो, कारण ही फसवणूक पैशांवर थांबत नाही.

डाग दोन वर्षांपूर्वी मोहरीएवढा होता, मग मसुराएवढा झाला. क्रीम मागवली तेव्हा तो साधारण अकरा मिलिमीटरचा होता, म्हणजे वाटाण्याहून मोठा. मधोमध काळा, एका बाजूला तपकिरी आणि कड नकाशासारखी वेडीवाकडी. दुखत नव्हता, खाजत नव्हता. "पायाला काय होतंय, चप्पल घासून काळं पडलं असेल," असं घरच्यांना वाटलं. तळपायाचा डाग बघणार तरी कोण?

डबीबरोबर कागद होता. डागाची वरची कातडी सुईनं हलकी खरवडा, काडीनं क्रीम लावा, वीस मिनिटांनी पुसा. जळजळ झाली तर 'औषध कामाला लागलं' असं समजा. तिसऱ्या दिवशी काळी खपली धरली, दहाव्या दिवशी पडली. खाली गुलाबी, मग पांढरट कातडी आली. काळं काही दिसेना. विक्रेत्यानं त्याच फोटोची मागणी केली, पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवायला.

गणपतीत हे झालं. शिमग्याच्या सुमारास पांढऱ्या व्रणाच्या कडेनं तपकिरी रंग पसरू लागला आणि मधे लालसर, ओलं मांस वर आलं. मोजा काढताना रक्त यायचं. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवल्यावर 'डॉक्टर' म्हणवणाऱ्या माणसानं सांगितलं, "ताई, आतलं विष बाहेर पडतंय, आता स्ट्राँग किट लागेल." ते १,४९९ रुपयांचं होतं. तेही लावलं. वैशाखात जखम भरेना म्हणून मुलगी त्यांना त्वचारोगतज्ज्ञांकडे घेऊन गेली. तोवर एकूण २,२९८ रुपये आणि आठ महिने गेले होते.

अशा क्रीमचं काम काय, ते आधी समजून घेऊ. चामडी जाळणं, इतकंच. काहींत सॅलिसिलिक ॲसिड किंवा ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड असतं, काळ्या मलमांत बहुधा झिंक क्लोराइड. घरगुती उपायही याच जातीचे. चुना आणि धुण्याचा सोडा पाण्यात कालवला की कॉस्टिक सोडा तयार होतो, बिब्ब्याचं तेल त्वचेवर फोड आणतं. यातलं कुठलंही रसायन चांगल्या आणि वाईट पेशीत फरक करत नाही. पोचेल तितकं जाळतं आणि थांबतं. खपली म्हणजे जळालेला वरचा थर, मूळ नव्हे. मेलॅनोमा, म्हणजे रंग बनवणाऱ्या पेशींचा कॅन्सर, खाली सरकलेला असेल तर तो तिथेच वाढत राहतो. आणि वरचा काळा रंग, जो एकमेव इशारा होता, तो मात्र पुसला जातो.

बाईंच्या बाबतीत डर्मोस्कोपनं खूण सापडली ती व्रणाच्या कडेला. डर्मोस्कोप हे दिवा लावलेलं भिंग असतं, साधारण दहा पट मोठं दाखवणारं. तळपायाच्या त्वचेवर बोटांच्या ठशांसारख्या समांतर रेषा असतात, आणि त्या बघायला शेतातली सरी आणि वरंबा आठवावा. साध्या तिळाचा रंग बहुतेक वेळा सरीत, म्हणजे खोलगट भागात बसतो. मेलॅनोमाचा रंग वरंब्यावर, उंचवट्यावर पसरतो, आणि वरंब्यावर घामाच्या छिद्रांचे बारीक पांढरे ठिपके ओळीनं दिसतात. क्रीमनं टाचेच्या मधला सगळा नकाशा जाळून टाकला होता. कडेला दोन-तीन मिलिमीटरची पट्टी उरली होती, त्यात रंग वरंब्यावर दिसला.

मग बायोप्सी झाली. मांस सर्वांत जाड जिथे होतं तिथला तुकडा काढून फॉर्मेलिनमध्ये पॅथॉलॉजिस्टकडे गेला. "सुई लागली की पसरतं" हे इथेही कुणीतरी सांगितलं होतं, आणि त्या भीतीपायीही आठवडे जातात. बायोप्सीनं मेलॅनोमा पसरत नाही.

रिपोर्टमध्ये मेलॅनोमा निघाला, जाडी 'किमान ३.२ मिमी'. हा 'किमान' शब्द क्रीमची देणगी आहे. मेलॅनोमा किती खोल गेला ते मिलिमीटरमध्ये मोजतात, त्वचेच्या वरच्या थरापासून सर्वांत खालच्या कॅन्सर पेशीपर्यंत. वरचा थर जळून गेला असेल तर मोजणी जखमेच्या तळापासून करावी लागते, म्हणून आकडा खऱ्याहून कमी येऊ शकतो. त्यातच गाठीवर उघडी जखम असेल तर आजाराचा टप्पा वरचा धरला जातो. आता ही जखम कॅन्सरनं झाली की क्रीमनं? पॅथॉलॉजिस्टला ते ठामपणे सांगता आलं नाही. नेमक्या याच दोन गोष्टींवर पुढचे निर्णय अवलंबून असतात.

किती अवलंबून, त्याचा अंदाज यावा म्हणून: एक मिलिमीटरपर्यंतच्या मेलॅनोमाभोवती साधारण एक सेंटिमीटर चांगली त्वचा काढतात, दोन मिलिमीटरच्या पुढे दोन सेंटिमीटर. जाडी ०.८ मिमीच्या पुढे गेली किंवा वर उघडी जखम असली, की कॅन्सर पसरताना जिथे आधी पोचतो त्या पहिल्या लिम्फ गाठीची तपासणी करायची का हे बोलावं लागतं. पायाच्या डागासाठी ती गाठ बहुधा जांघेत असते. बाईंच्या टाचेतून चारही बाजूंनी दोन सेंटिमीटर त्वचा गेली, मांडीची कातडी तिथे लावावी लागली, जांघेतली गाठ तपासली. त्या गाठीत पेशी सापडल्या आणि पुढचे उपचार कॅन्सर रुग्णालयात सुरू झाले. टाच असल्यामुळे काही महिने उभं राहून काम करता आलं नाही. आठ महिन्यांपूर्वी जाडी किती होती ते कुणालाच सांगता येणार नाही, कारण तेव्हा ती कुणी मोजलीच नाही.

आता तुमच्या घरातल्या डागांकडे वळू. बहुतेक तीळ निरुपद्रवी असतात, मानेवरच्या लोंबत्या चामखिळींचंही तेच. मेलॅनोमा आपल्याकडे दुर्मिळ आहे आणि म्हणूनच तो कुणाच्या मनात येत नाही. पण सावळ्या त्वचेत तो होतो तेव्हा बरेचदा ऊन न लागणाऱ्या जागी होतो: तळपाय, तळहात, नखाखाली. त्यामुळे "आपण गोरे नाही, आपल्याला काय होतंय" हा हिशेब तिथे चुकतो.

चाळिशीनंतर तळपायावर किंवा तळहातावर नवा काळा डाग उगवला, किंवा जुना वाढायला लागला, तर आधी तो मोजा. पेन्सिलचं मागचं टोक साधारण सात मिलिमीटरचं असतं. त्याएवढा किंवा मोठा डाग डॉक्टरांनी बघायलाच हवा. लहान असला तरी रंग दोन-तीन छटांचा असेल, कड वाकडी असेल, एक अर्धा दुसऱ्या अर्ध्यासारखा दिसत नसेल, तरीही दाखवा. आकारापेक्षा बदल महत्त्वाचा. महिन्याला एक फोटो काढा, तोच उजेड, शेजारी पट्टी. पण रक्त येत असेल किंवा जखम चार आठवड्यांत भरत नसेल तर फोटोंची वाट बघू नका.

नखावरची काळी रेघही बघा. सावळ्या लोकांत अनेक नखांवर बारीक रेघा असतात, त्या बहुधा साध्या. एकाच नखावर असेल, तीन मिलिमीटरहून रुंद असेल, बुडाशी रुंद आणि टोकाला निमुळती असेल, किंवा काळेपणा नखाच्या बाजूच्या कातडीवर उतरला असेल, तर दाखवायला हवी. ठेच लागून साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकतं आणि शेवटी कापलं जातं. मेलॅनोमाची रेघ बुडाशी कायम राहते.

आणखी एक फसवी जागा म्हणजे कुरूप. काही मेलॅनोमांत काळा रंग नसतोच, ते गुलाबी मांसासारखे दिसतात. तळपायावर 'कुरूप' समजून महिनोन्महिने कॉर्न कॅप लावली जाते, मधुमेह असेल तर 'शुगरची जखम' म्हणून सोडून दिलं जातं. कॉर्न कॅपमध्येही सॅलिसिलिक ॲसिड असतं, म्हणजे पुन्हा तेच जाळणं. महिनाभरात कुरूप न बसता रक्त येऊ लागलं, तर त्याचा तुकडा तपासायला हवा.

पार्लरमध्ये किंवा एखाद्या क्लिनिकमध्ये 'लेझरनं तीळ काढून देतो' असं सांगितलं जातं, तिथेही धोका तोच. जाळलेल्या तिळाचा तपासायला तुकडाच उरत नाही. शंकास्पद डाग असेल तर आधी दोन प्रश्न विचारा: "डर्मोस्कोपनं बघितलं का?" आणि "काढलेला तुकडा लॅबला जाणार का?" दुसऱ्याचं उत्तर "गरज नाही" असं आलं आणि डाग वर सांगितल्यासारखा असला, तर तिथून उठा. पुण्यात ससूनच्या त्वचारोग विभागात केस पेपर काढून दाखवता येतं, खासगी त्वचारोगतज्ज्ञांकडेही अनेक ठिकाणी डर्मोस्कोप असतो.

क्रीम आधीच लावून झाली असेल तर ती आता बंद करा आणि लपवू नका. डॉक्टरांना डबी, कागद आणि लावल्याच्या तारखा द्या, लावण्याआधीचा फोटो मोबाइलमध्ये असेल तर तोही. बायोप्सीच्या फॉर्मवर 'जागेवर जाळणारी क्रीम लावली होती' असं लिहून घ्या, म्हणजे पॅथॉलॉजिस्ट जखमेचा अर्थ त्या हिशेबानं लावेल. व्रणावर काळा किंवा तपकिरी रंग परत आला तर तो 'राहिलेला तीळ' समजू नका, तो तपासायचाच असतो.

या बाईंच्या डबीवर घटकांची यादी नव्हती, उत्पादन परवान्याचा क्रमांक नव्हता, फक्त 'शंभर टक्के आयुर्वेदिक' असं छापलं होतं. आयुर्वेदिक औषधावरही या दोन्ही गोष्टी असाव्या लागतात. आणि कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्यानं बंद आहे. डबी, पावती, जाहिरातीचा आणि चॅटचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते, पैशांसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर. बाईंच्या मुलीनं तक्रार करायचं ठरवलं तोवर विक्रेत्याचा नंबर बंद झाला होता आणि डबी कचऱ्याच्या गाडीत गेली होती.