मूल्यं ठरवायची: चिठ्ठ्यांनी की किश्श्यांनी?

जळगावात केळीचे वेफर्स करणारे तिघे भागीदार ब्रँडची मूल्यं ठरवायला अर्धा दिवस बसलेत, असं धरू. सुरुवात दोन प्रकारे करता येते.

पहिली रीत चिठ्ठ्यांची. चिठ्ठ्यांवर मूल्यांचे 40 शब्द लिहायचे, त्यांतून प्रत्येकानं न बोलता 5 निवडायचे, मग तिघांत मिळून 4 ठेवायचे. तासाभरात यादी तयार. पण ‘गुणवत्ता’, ‘विश्वास’ हे शब्द कुणाच्याही पाकिटावर चालतील. कुणी वाद घातलाच नाही, तर काही ठरलंही नाही असं समजा.

मला दुसरी रीत पटते, किश्श्यांची. ज्यात पैसे सोडावे लागले असे दोन निर्णय प्रत्येकानं सांगायचे. एक म्हणतो, ‘तेल काळं पडलं म्हणून ऐन ऑर्डरीत कढई उतरवली.’ दुसरा लगेच, ‘पण दुकानदार ताटकळला ना!’ खरी चर्चा इथे सुरू होते, आणि शेवटी कागदावर एक वाक्य उरतं: ‘माल उशिरा जाईल, पण जुन्या तेलातला जाणार नाही.’ याला दोन तास लागतात. भागीदारांत वडीलधारं कुणी असेल, तर त्यांनी शेवटी बोलावं. नाहीतर बाकीचे नुसत्या माना डोलावतात.

धंदा नवाकोरा असेल तर किस्से कुठून आणणार? मग चिठ्ठ्याच घ्या, फक्त प्रत्येक शब्दापुढे ‘यासाठी काय सोडू?’ याचं उत्तर लिहून घ्या.