जर्मनीत विमा सरकारी की खासगी?

प्रिय आई-बाबा,

इथे तिशीच्या आतल्या विद्यार्थ्यांना सरकारी विमा महिन्याला साधारण 150 युरोंना पडतो. खासगी बराच स्वस्त, म्हणून बाबांचा ओढा तिकडे, कळतंय. पण माझा दमा जुना, आणि स्वस्त खासगी योजना बहुधा जुनी दुखणी वगळतात. सरकारीत तोही येतो: डॉक्टरकडे कार्ड दाखवायचं, इनहेलरला 5 ते 10 युरो आपले, रुग्णालयात दिवसाला 10. खासगीत बहुतेकदा बिल आधी आपण भरायचं, पैसे मागाहून मिळतात. चष्मा मात्र सरकारीतही सहसा आपल्याच खिशातून!

शिवाय सरकारीतून एकदा सूट घेतली की शिक्षण संपेपर्यंत परतीची वाट बंद. धडधाकट आणि थोड्या महिन्यांच्या भाषावर्गाला आलेल्यांना खासगी ठीक. मी सरकारीच घेतेय.