व्हाउचिंग, व्हेरिफिकेशन, व्हॅल्युएशन: गुणांच्या मुद्द्यांसह उत्तरसंच, एका शैक्षणिक वर्षाच्या वापरानंतर

मी टी.वाय.बी.कॉम.च्या मुलांना ऑडिटिंग शिकवते. काही जण पुढे सीए इंटरला बसतात, त्यांचीही थिअरी माझ्याकडेच असते. गेल्या जूनपासून वर्गात एक छापील उत्तरसंच वापरतेय. विषय एवढाच: व्हाउचिंग, व्हेरिफिकेशन आणि व्हॅल्युएशन, म्हणजे नोंदीमागचा कागद, शिल्लक आणि तिची किंमत तपासणं, यांतला फरक. उत्तरं छोटी आहेत आणि कुठल्या मुद्द्याला किती गुण ते शेजारच्या समासात दिलंय. संचाचं नाव देत नाही, कारण अशा धाटणीचे संच आता जागोजागी मिळतात आणि गुणदोषही बरेचसे सारखेच असतात.

आधी जमेची बाजू. समासातल्या गुणांमुळे मुलांचं पान-पान लिहिणं थांबलं. ‘व्हाउचिंग हा ऑडिटचा कणा आहे’ हे वाक्य प्रत्येक पेपरात असतं, आणि या संचात त्याला शून्य गुण आहेत. मला हे फार आवडलं. व्हाउचिंग आणि व्हेरिफिकेशन यांतल्या पाच गुणांच्या फरकाला इथे दोन्हींच्या अर्थाला मिळून एक गुण आहे. उरलेले चार असे वाटलेत: काय तपासायचं, कधी तपासायचं, पुरावा कोणता, आणि त्या तपासणीतून नेमकं काय सिद्ध होतं. शेवटच्या मुद्द्यापाशी निम्मा वर्ग अडखळतो. पेपर तपासताना मी तोच आधी शोधते, कारण पाठांतर आणि समज यांतला फरक तिथेच दिसतो.

खटकतं ते कोष्टक. ‘व्हाउचिंग नफातोटा पत्रकाचं, व्हेरिफिकेशन ताळेबंदाचं’ अशी ओळ या संचात आहे आणि तिला एक गुणही दिलाय. हे अर्धसत्य आहे. मालमत्ता विकत घेतल्याची नोंदही व्हाउच करावीच लागते, कर्ज उचलल्याचीसुद्धा. पुस्तकातल्या कुठल्याही नोंदीमागे कागद आहे का, तो या धंद्याचाच आहे का, या वर्षाचा आहे का, त्याला मंजुरी आहे का आणि रक्कम योग्य खात्यात गेली का, हे पाहणं म्हणजे व्हाउचिंग. व्हेरिफिकेशनमध्ये नोंदीऐवजी शिल्लक तपासतात. ताळेबंदाच्या तारखेला ती वस्तू किंवा देणं खरोखर आहे का, ते कंपनीचंच आहे का, त्यावर कुणाचा बोजा आहे का, ते योग्य किमतीला आणि योग्य शीर्षकाखाली दाखवलंय का, असे तिथले प्रश्न.

यासाठी संचात उदाहरण नाही म्हणून मी वर्गात एका लेथ मशीनचं देते. ते लांबवरचं वाटलं तरी तिन्ही गोष्टी त्यात स्वच्छ सुटतात.

एका कंपनीने जून 2023 मध्ये लेथ घेतलं. बिलात किंमत 8,00,000 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी 1,44,000. शिवाय वाहतुकीला 20,000 आणि बसवायला 30,000 लागले. 1 ऑक्टोबरपासून मशीन वापरात आलं. व्हाउचिंगला बसलेला आर्टिकल, म्हणजे सीएच्या हाताखाली शिकणारा उमेदवार, बिल काढतो. कंपनीचं नाव, तारीख, मागणीपत्र, माल पोचल्याची नोंद आणि बँकेतून गेलेले पैसे असं एकेक जुळवतो. जीएसटीचं क्रेडिट घेतलं असेल तर 1,44,000 मशीनच्या किमतीत येता कामा नये. वाहतूक आणि बसवण्याचा खर्च मात्र आलाच पाहिजे, तो ‘दुरुस्ती’त टाकून चालत नाही. असं धरून भांडवली किंमत 8,50,000 निघते. व्हाउचिंग इथे संपलं, आणि सगळं बरोबर आहे.

आता समजा, फेब्रुवारी 2024 मध्ये मालकाने ते मशीन रोखीने विकलं आणि नोंदच केली नाही. जूनचं बिल तसंच खरं आहे, पैसे तसेच गेलेत, व्हाउचरवर एकही खाडाखोड नाही. खरेदीच्या नोंदीचं व्हाउचिंग कितीही काळजीने केलं तरी त्यातून हे कळणार नाही, कारण ज्याची नोंदच नाही ते व्हाउच कसं करणार? 31 मार्चला शॉपफ्लोअरवर जाऊन मशीनवरचा नंबर मालमत्ता रजिस्टरशी जुळवणाऱ्याच्याच हाती हे लागतं. मशीन जागेवर असलं तरी ते भाड्याचं नाही ना, बँकेकडे तारण असेल तर तो बोजा कंपनी रजिस्ट्रारकडे नोंदलाय का आणि ताळेबंदाच्या टिपेत आलाय का, हेही तिथेच पाहायचं. मशीन समोर दिसणं आणि मशीन कंपनीचं असणं हे दोन वेगळे मुद्दे आहेत. संचात ते एकाच ओळीत कोंबलेत, त्यामुळे मुलं एकच लिहितात आणि अर्धा गुण घालवतात.

तिसरा प्रश्न किमतीचा. मशीन आहे, कंपनीचंच आहे, मग ताळेबंदात कितीला दाखवायचं? कंपनी कायद्याच्या शेड्यूल दोनप्रमाणे सर्वसाधारण यंत्राचं आयुष्य 15 वर्षं आणि उरलेली किंमत 5 टक्के धरली, तर सरळ रेषा पद्धतीने वर्षाचा घसारा 53,833 येतो. सहा महिन्यांचा 26,917. म्हणून 31 मार्च 2024 ला पुस्तकी किंमत 8,23,083. हा आकडा कंपनी काढते. ऑडिटर आयुष्य, पद्धत आणि तारीख पटण्यासारखी आहे का ते पाहतो. ज्या ऑर्डरसाठी मशीन घेतलं ती रद्द होऊन ते झाकून ठेवलं असेल, तर वसूल होऊ शकणारी किंमत पुस्तकी किमतीपेक्षा कमी आहे का, हा प्रश्नही त्याने विचारायचा असतो.

एवढं झाल्यावर संचातल्या सगळ्यात चांगल्या पानाचा अर्थ लागतो. त्या पानावर लिहिलंय की व्हॅल्युएशन हा व्हेरिफिकेशनचाच एक भाग आहे, आणि किंमत ठरवण्याची जबाबदारी व्यवस्थापनाची किंवा नेमलेल्या मूल्यांककाची, तपासण्याची ऑडिटरची. दोन गुणांच्या प्रश्नात हे दोनच मुद्दे लिहिले की पूर्ण गुण. तरी ‘ऑडिटर मालमत्तेचं मूल्य ठरवतो’ हे वाक्य दरवर्षी दहा-बारा पेपरांत भेटतंच. त्याला मी गुण देत नाही, पुढचं कितीही छान असलं तरी.

स्टॉकच्या उत्तरात मात्र संच घसरलाय. किंमत किंवा निव्वळ वसुली मूल्य यांपैकी जे कमी ते, हा लेखा मानक एएस 2 चा नियम दिलाय, पण उदाहरणात सगळ्या मालाची बेरीज करून तुलना केलीय. दोन प्रकारचा माल घ्या. पहिल्याची किंमत 30,000, वसुली मूल्य 26,000. दुसऱ्याची किंमत 20,000, वसुली मूल्य 27,000. बेरजेने पाहिलं तर किंमत 50,000, वसुली मूल्य 53,000, म्हणून स्टॉक 50,000 ला दाखवला जातो. मानक मात्र साधारणपणे वस्तूगणिक तुलना करायला सांगतं: 26,000 अधिक 20,000, म्हणजे 46,000. दुसऱ्या मालाच्या न झालेल्या नफ्याने पहिल्याचा तोटा झाकायचा नाही, एवढंच त्यातलं तत्त्व. मी संचाच्या प्रतींवर ते पान पेन्सिलने दुरुस्त करून घेते. वसुली मूल्य म्हणजे विक्रीची किंमत वजा माल पूर्ण करायचा आणि विकायचा खर्च, हेही तिथे लिहून घेते, कारण मुलं नुसता बाजारभाव लिहून मोकळी होतात.

खटल्यांबद्दल थोडं सविस्तर. संच ‘किंग्स्टन कॉटन मिल, 1896’ एवढंच देतो आणि ‘ऑडिटर हा राखणदार कुत्रा आहे, शिकारी कुत्रा नव्हे’ ही प्रसिद्ध उपमा टाकून एक गुण लावतो. उपमा सगळ्यांना पाठ असते, निकाल कुणालाच नाही. मिलच्या स्टॉकचे आकडे फुगवलेले होते, ऑडिटरांनी मॅनेजरच्या दाखल्यावर विश्वास ठेवला होता, आणि शंका घेण्यासारखं काही समोर नसल्यामुळे कोर्टाने त्यांना जबाबदार धरलं नाही. आज तेवढ्यावर भागत नाही. स्टॉकची रक्कम मोठी असेल तर शक्य तिथे ऑडिटरने मोजणीला हजर राहावं, असं ऑडिटचं मानक एसए 501 सांगतं. त्यामागे 1938 मध्ये अमेरिकेत उघड झालेल्या मॅकेसन अँड रॉबिन्सच्या खोट्या स्टॉकचा धडा आहे. म्हणून किंग्स्टन लिहायचं तर ‘तेव्हाची मर्यादा’ म्हणून, पुढे एसए 501 जोडून. असं लिहिणाऱ्याला मी तो गुण पूर्ण देते.

व्हाउचिंगसाठी आर्मिटेज विरुद्ध ब्रूअर अँड नॉट, 1932 जास्त चपखल आहे. तिथे किरकोळ रोखीची व्हाउचर बदललेली होती, ऑडिटरांनी ती नीट पाहिली नाहीत आणि कोर्टाने त्यांना निष्काळजी ठरवलं. व्हेरिफिकेशनसाठी लंडन ऑइल स्टोरेज, 1904: पुस्तकात रोख शिल्लक होती, गल्ल्यात जाऊन कुणी मोजलीच नव्हती. संचात हे दोन्ही खटले आहेत, पण पाठीमागच्या यादीत. ते त्या-त्या उत्तराखाली हवे होते. दोन्ही किरकोळ रोखीचेच असल्याने एकमेकांशेजारी ठेवले की फरक झटकन पटतो: एकीकडे कागद नीट वाचला नाही, दुसरीकडे पैसे मोजले नाहीत.

‘कोण करतं’ या मुद्द्याचा अर्धा गुण मला पटत नाही. व्हाउचिंग ज्युनिअर करतो, व्हेरिफिकेशन सीनिअर, असं लिहायचं असतं. मोठ्या फर्ममध्ये ते बरंचसं खरंही असेल. तीन माणसांच्या ऑफिसात मात्र सकाळी व्हाउचर तपासणारा आर्टिकलच दुपारी गोडाऊनमध्ये पोती मोजत असतो. पेपरात हा मुद्दा लिहा, पण सगळ्यात शेवटी, वेळ उरला तर.

पहिल्या वाचनाला हा संच चालेल का, असं विचाराल तर माझ्या अनुभवात नाही. आधी लेथसारखं एखादं उदाहरण शेवटपर्यंत सोडवावं, मग हे मुद्दे हाती घ्यावेत. उजळणीला मात्र चांगला आहे, विशेषतः चार-पाच गुणांच्या उत्तरांना. सीए इंटरच्या मुलांना तो अपुरा पडतो: बाहेरून पुष्टी मागवण्याचं एसए 505 त्यात नाही, आणि कंपन्यांच्या ऑडिट अहवालात काय सांगायचं ते ठरवणाऱ्या कारो 2020 या आदेशाप्रमाणे स्टॉकच्या एखाद्या वर्गात एकूण 10 टक्के किंवा जास्त तफावत आढळली तर तिचा उल्लेख करावा लागतो, तेही नाही. हे दोन्ही मी वेगळ्या कागदावर देते आणि व्हेरिफिकेशनच्या पानाला टाचून ठेवायला सांगते.