सॅम्पलमध्ये प्लांटेशन एए, पन्नास किलोत भलताच माल: ५७,३५० रुपये गेले

नवा कॅफे काढणारे सगळे कॉफी भाजून विकणाऱ्या रोस्टरला साधारण एकच मेल टाकतात. घाऊक दर काय, कमीत कमी किती किलो घ्यावे लागतील, सॅम्पल मिळेल का. आमचाही तसाच होता. उत्तर त्याच दिवशी, अगदी गोड: १० किलो घेतलेत तर ११८० रुपये किलो, ५० घेतलेत तर १०४०. सॅम्पलच्या पाव किलोच्या तीन पिशव्या, प्रत्येकी ३०० रुपये, ‘पहिल्या ऑर्डरमध्ये वळते करून देऊ’. केले नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

सॅम्पल मात्र एक नंबर होतं. पिशवीवर इस्टेटचं नाव, रोस्टची तारीख आणि ‘प्लांटेशन एए’, म्हणजे धुतलेला अरेबिका, ७.१० मिलिमीटरच्या चाळणीवर राहणारा मोठा दाणा. म्हणून थेट ५० किलो सांगितले. मालाचे ५२,०००, जीएसटी २,६००, ट्रान्सपोर्ट १,८५०, सॅम्पलचे ९००. सगळे आगाऊ.

खटकायला हवं होतं ते प्रोफॉर्मा बिल आलं तेव्हा. मेलमध्ये प्लांटेशन एए, पिशवीवर प्लांटेशन एए आणि बिलावर काय? ‘प्रीमियम कॉफी बीन्स, रोस्टेड’. इस्टेट नाही, प्रत नाही, अरेबिका हा शब्दसुद्धा नाही. आता बिल आल्यावर माणूस काय बघतो? रक्कम, जीएसटी नंबर, खाते क्रमांक. ते तिन्ही बरोबर होतं. खाली बारीक अक्षरात ‘तक्रार माल मिळाल्यापासून ४८ तासांत’. आणि याच गृहस्थाच्या मेलमध्ये सल्ला होता, की एस्प्रेसोसाठी रोस्टनंतर आठ-दहा दिवस बीन्स मुरू द्या, घाईने पिशव्या फोडू नका. सल्ला बरोबरच आहे, कुठलाही रोस्टर हेच सांगेल. फक्त तो पाळला की तक्रारीची मुदत संपते!

माल आला त्यात रोबस्टा, म्हणजे कॉफीची दुसरीच जात, मिसळलेला होता. गंमत अशी की रोबस्टाने एस्प्रेसोवरचा फेस, म्हणजे क्रेमा, आणखी दाट येतो, त्यामुळे बघणारा उलट खूश होतो. कॅपुचिनोत दूध-साखर सगळं झाकून टाकते. अमेरिकानो मागणाऱ्यांनी कप अर्धे सोडायला सुरुवात केली, कडू लागतंय, जळक्या रबरासारखा वास येतोय म्हणाले, तेव्हा दाणे ताटात ओतून निवडले. अरेबिकाचा दाणा लांबट, मधली रेघ नागमोडी. रोबस्टा गोलसर, रेघ बरीचशी सरळ. शंभर दाण्यांत ३८ रोबस्टा निघाले. हे करायला मशीन लागत नाही आणि दाणे मुरायची वाटही बघावी लागत नाही. पोतं उतरवून घेतानाच करा. पावडर तर कधीच मागवू नका, मग निवडणार काय?

रोस्टरला फोटो पाठवले. उत्तर आलं, ‘बिलात अरेबिका कुठे लिहिलंय?’

पोलीस ठाण्यात सांगितलं, माल मिळालाय ना, मग हा दिवाणी मामला. सायबरच्या हेल्पलाइनवर म्हणाले, पैसे तुम्ही स्वतःहून, खऱ्या कंपनीला पाठवलेत. अन्न खात्यात म्हणाले, रोबस्टा ही कॉफीच आहे, चिकोरी न सांगता मिसळली असेल तर या. ग्राहक हेल्पलाइनवरची बाई म्हणाली, धंद्यासाठी घेतलेला माल आमच्याकडे येत नाही. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतला असेल तर कायद्यात सूट आहे, हे आम्हीच तिला सांगायचं! त्यावर ‘वकील बघा’. ५७ हजारांसाठी वकील? चार कचेऱ्या, चार कारणं, आणि कागद वाचायला कुणाला दोन मिनिटं नाहीत.

वस्तू विक्री कायदा, १९३०, कलम १७ मात्र स्पष्ट आहे: विक्री नमुन्यावर ठरली असेल तर माल प्रतीला नमुन्यासारखाच हवा. पण विक्री नमुन्यावरच ठरली होती हे दाखवायला नमुना शिल्लक लागतो, आणि आपण तो चाखून संपवतो. प्रत्येक सॅम्पलमधले ५० ग्रॅम लेबलसकट सीलबंद ठेवा.

पहिल्या मेलमध्येच विचारा: सॅम्पल कुठल्या लॉटचं, ऑर्डर त्याच लॉटमधून भरणार का, आणि किमान ऑर्डर एकूण आहे की प्रत्येक प्रकाराची. लॉट, इस्टेट, प्रत बिलावर आल्याशिवाय एक रुपया सोडू नका. ‘त्याच चवीचा माल देऊ’ असं उत्तर आलं, तर तो वेगळा माल आहे असं समजा. आणि १४० रुपये किलोमागे वाचतात म्हणून ५० किलोवर उडी मारू नका. १० किलोच घेतले तर फरक १४०० रुपयांचा.

आमच्याकडे अजून २३ किलो पडून आहेत. परत घ्यायला तो तयार आहे म्हणे, किलोला ४०० रुपयांनी, ट्रान्सपोर्ट आमचा.