घरच्या ग्रुपवर आलेला मुका फोटो: नुसता अंगठा, नावं की निरीक्षण?

कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चुलत सासूबाई एक जुना कृष्णधवल फोटो टाकतात. दहा-बारा माणसं, दोन रांगा, पुढे सतरंजीवर मुलं. खाली एक अक्षर नाही. ‘ओळखा पाहू’ नाही, ‘आठवतंय का’ही नाही. तुम्ही सून आहात, जावई आहात किंवा पुढच्या पिढीतले आहात. चार चेहरे ओळखीचे वाटतात, बाकीचे नाहीत. अशा वेळी तीन वाटा असतात: नुसता अंगठा किंवा हात जोडणं, ओळखू येतील ती नावं लिहिणं, किंवा कुणाचंही नाव न घेता फोटोत जे दिसतं त्यावर बोलणं.

अंगठ्याला उगाच नावं ठेवू नयेत. पितृपक्ष चालू असेल, किंवा त्या दिवशी घरातल्या कुणाची तिथी असेल, तर फोटो गप्पांसाठी आलेला नसतो. तिथे जोडलेले हात पुरेसे असतात. म्हणून आधी ग्रुपवरचे आदल्या दिवसाचे दोन-चार निरोप वर सरकवून बघा. पण एरवी सगळ्यांनीच अंगठे दिले की टाकणाऱ्याला काय बोलावं ते कळत नाही, आणि मग फोटो ‘शुभ सकाळ’च्या फुलांखाली गाडला जातो.

नावं लिहिण्याचा मोह सगळ्यात मोठा, आणि माझ्या मते सून-जावयांनी तो आवरलेलाच बरा. बारापैकी सात नावं लिहिली तर उरलेल्या पाचांची मुलं-नातवंडं त्याच ग्रुपवर असतात. पहिलं नाव कुणाचं घेतलं हेही बघितलं जातं. लग्नात नाव बदललेल्या बाईला माहेरचे एका नावाने ओळखतात, सासरचे दुसऱ्या, त्यामुळे बरोबर नावही अर्ध्या ग्रुपला चुकीचं वाटतं. एखादं खरंच चुकलं, तर पुढचे वीस निरोप ‘ती नव्हे, तिची जाऊ’ यातच जातात. शिवाय टाकणाऱ्या बाईंनी काही लिहिलं नाही त्याला कारण असू शकतं. पुढे मोडलेलं लग्न किंवा वाटणीवरून तुटलेला भाऊ त्याच रांगेत उभा असतो. आणि एक रोखठोक गोष्ट: आईचं माहेरचं आडनाव काही ठिकाणी अजूनही ओळख पटवायला विचारतात. ते साठ जणांच्या ग्रुपवर चेहऱ्यासकट लिहून ठेवायची गरज नाही.

तिसऱ्या वाटेला डोळे उघडे ठेवून थोडा वेळ बघावं लागतं, एवढीच तिची किंमत. वरच्याच फोटोचं उदाहरण घेऊ. मधल्या बाईंच्या अंगावर गडद लुगडं आहे, गळ्यात, हातांत आणि केसांत पांढरे ठिपक्या-ठिपक्यांचे दागिने. पहिला अंदाज मोत्यांचा. फोटो मोठा करून बघा: मोत्यावर प्रकाशाचा एक बारीक चमकता ठिपका असतो. इथे चमक नाही, दाणे खडबडीत आणि लहान-मोठे आहेत. म्हणजे तो हलवा आहे. मंद आचेवर, पाकाचे थेंब सोडत, बोटांनी हलवत त्याला काटा आणतात, म्हणून दाणे एकसारखे नसतात. हलव्याचे दागिने मोठ्या बाईच्या अंगावर दिसले की बहुतेक लग्नानंतरची पहिली संक्रांत, आणि लहान बाळाच्या अंगावर दिसले की बोरन्हाण. म्हणजे संक्रांत ते रथसप्तमी हा काळ ठरला, आणि कुणाचं नावही घ्यावं लागलं नाही. लुगड्याचा रंग मात्र ठामपणे सांगू नका. काळी चंद्रकळा असेल असं मन म्हणतं, पण कृष्णधवल फोटोत गडद लाल आणि हिरवंही तसंच दिसतं.

आता फोटोचा आकार. चौकोनी, भोवती पांढरी किनार. एकेकाळी बऱ्याच घरांत आग्फाचा क्लिक थ्री कॅमेरा असे. एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो निघत, आणि चांगल्या फोटोला ऊन लागे. नुसत्या चौकोनावरून निकाल देऊ नये, कारण स्टुडिओवाल्यांकडेही चौकोनी फोटो काढणारे कॅमेरे होते. पण स्टुडिओवाला माणसं उंचीप्रमाणे लावतो, आणि बहुतेकदा मागे त्याचा शिक्का असतो. घरच्या फोटोत वाड्याचा खांब तिरका झालेला असतो, कुणीतरी डोळे मिचकावलेले असतात, आणि सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी असल्यामुळे सतरंजीच्या कडेला कधीकधी त्याचीच सावली पडलेली असते. आपल्या फोटोत ती आहे: डोकं आणि दोन बाहेर आलेली कोपरं. म्हणजे घरातलं आणखी एक माणूस त्या दिवशी तिथे होतं, आणि ते रांगेत नाही.

उत्तर मग असं लिहिता येतं:

‘काकू, मधे बसल्यात त्यांच्या अंगावर हलव्याचे दागिने आहेत ना? म्हणजे संक्रांतीच्या सुमाराचा असावा. पुढे सतरंजीवर फोटो काढणाऱ्याची सावलीही आलीये! कुणी काढला होता?’

ते मूळ फोटोलाच जोडून पाठवा, म्हणजे मधे दुसरे निरोप आले तरी धागा तुटत नाही. प्रश्न एकच ठेवा. कोणतं गाव, कोणतं साल, मागचं दार कुणाच्या वाड्याचं, असे चार प्रश्न एकदम टाकले की काकूंना तपासणी चालल्यासारखं वाटतं आणि त्या ‘नंतर सांगते’ म्हणून मोकळ्या होतात. नावं सांगायची की नाहीत, किती सांगायची, हे त्यांच्याच हातात राहतं. या वाटेचा मला दिसणारा मोठा फायदा तोच.

या वाटेवरही घसरायला होतं. ‘डावीकडून तिसरे अगदी आमच्या बाबांसारखे’ हे नाव न घेता नाव घेणंच झालं. नाक कुणाचं आणि कपाळ कुणाचं हा खेळ त्यातलाच. ‘तेव्हा किती बारीक होत्या’ नको. एखादीच्या कपाळावर कुंकू नाही हे दिसलं तरी लिहू नका, ते ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊकच आहे. यातलं आता कोण आहे आणि कोण नाही, ही मोजदाद तर अजिबात नको. बोलायचं ते वस्तूंवर, जागेवर, प्रसंगावर, उन्हावर.

काही दिसतच नसेल, तर तेच सांगा. व्हॉट्सॲपवरून येताना फोटो दाबला जातो आणि मोठा केल्यावर हलव्याचे दाणे पांढरा चिखल होतात. ‘काकू, एचडीमध्ये पाठवाल का? आणि मागच्या बाजूला काही लिहिलंय का?’ हेही चांगलं उत्तर आहे. फोटोचा फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवून तो खिडकीजवळ थोडा तिरका धरायला सांगा, म्हणजे चकाकी येत नाही. मागच्या बाजूला पेनने तारीख, गाव, कधी रांगेनुसार सगळ्यांची नावंही लिहिलेली सापडतात. ती काकूंनी स्वतः ग्रुपवर टाकली की दुसरी वाट मोकळी होते, आणि मग तुम्हीही खुशाल नावानिशी बोला. त्यांनी फक्त तारखेपुरता तुकडा कापून पाठवला, तर तारखेवरच बोला.